शून्याखालची एक रेघ : एका लघुपटातील वजनकाट्याचा माग

पार्श्वभूमी

हे प्रकरण यवतमाळ जिल्ह्यातील एका गावात चित्रित झालेल्या तेरा मिनिटांच्या लघुपटाचे आहे. चमूत पाच जण होते. दिग्दर्शिका त्याच तालुक्यातली, कापूस वेचणाऱ्या घरातली होती, आणि पटकथेच्या दुसऱ्या खर्ड्यापासून संकलनापर्यंत मी तिच्यासोबत होतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. निर्णय आणि त्यांचा क्रम मात्र जसा घडला तसाच ठेवला आहे.

कथा साधी होती. एक बाई आणि तिची बारा वर्षांची मुलगी दसऱ्यानंतर सुरू होणाऱ्या वेचणीला दुसऱ्याच्या शेतात जातात. हंगामात मुलीची शाळा बुडते. धाकट्या दीड वर्षाच्या मुलाची नोंद अंगणवाडीत असते. मजुरी किलोवर मिळते, आणि दिवसाअखेर बांधावर कापसाची गाठोडी मोजली जातात. कष्टाची किंमत कष्ट करणारा ठरवत नाही, मोजणारा ठरवतो, असा आशय दिग्दर्शिकेच्या मनात होता. हे वाक्य तिने पहिल्या भेटीत जसेच्या तसे मला सांगितले, आणि पहिल्या खर्ड्यात तोच आशय मुलीच्या तोंडी घातलेलाही होता.

अडचण

पहिल्या खर्ड्यात दोन प्रतीके होती. कोरडी विहीर तीनदा येत होती आणि दोर चारदा. शेवटी मुलगी शेतमालकासमोर उभी राहून म्हणते, "आमच्या घामाचं वजन करनारा काटा अजून बनलाच नाही." वाक्य ऐकायला चटकदार होते, आणि खरी अडचण तीच होती. पहिली दहा मिनिटे या वाक्याची केवळ वाट पाहत होती. ते उच्चारले गेले की आधीच्या एकाही दृश्याची गरज उरत नव्हती.

दोराची अडचण वेगळी होती. विदर्भातल्या शेतीवरच्या चित्रपटात दोर दिसला की प्रेक्षक पुढचे सगळे गृहीत धरतो. पहिल्या दृश्यातच त्याचा अर्थ पूर्ण झालेला असतो, त्यामुळे दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळी त्यात भर घालायला काही उरत नाही. जे प्रतीक पहिल्या दर्शनातच संपूर्ण कळते, त्याची पुनरावृत्ती म्हणजे निव्वळ आग्रह होतो. शिवाय या कथेत आत्महत्येचा विषयच नव्हता, म्हणजे दोर प्रेक्षकाला चुकीच्या वाटेवर नेत होता.

मी खर्डा वाचताना एक बाब हेरली. मुलीच्या त्या वाक्यात काटा होता, पण संपूर्ण पटकथेत प्रत्यक्ष काटा एकदाच, तोही "काट्यावर कापूस मोजतात" एवढ्या ओळीपुरता आला होता. प्रतीक संवादात राहत होते आणि वस्तू दृश्याबाहेर होती.

तपासलेले पर्याय

दोर काढायचा हे लवकर ठरले. त्याच्या जागी काय, यावर जवळजवळ तीन आठवडे गेले. वेचणीच्या मुहूर्ताला शेतात होणाऱ्या सीतादहीच्या पूजेतले दही-भाताचे पान दिग्दर्शिकेला हवे होते. दृश्य देखणे झाले असते, पण ते हंगामात एकदाच घडते आणि पुढच्या दृश्यांत त्याला काही काम नसते; मग ते आठवणीच्या फोडणीसारखे वरून घालावे लागले असते. दुसरा पर्याय बाईच्या बोटांचा होता, कारण बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी बोटे सोलवटतात. हा पर्याय मला मोहाचा वाटला. तरी आम्ही तो सोडला, कारण सोलवटलेली बोटे प्रेक्षकाकडून करुणा मागतात, आणि करुणा उत्पन्न झाली की कोण मोजतो हा प्रश्न मागे पडतो.

काटा उरला. बांधावर तिकाटण्याला टांगला जाणारा, गोल तबकडीचा, खाली गाठोडे अडकवायचा आकडा असलेला शंभर किलोंचा स्प्रिंगचा काटा. त्याला प्रत्येक दृश्यात स्वतःचे काम असते, त्यामुळे तो दाखवण्यासाठी सबब शोधावी लागत नाही. त्याची स्थिती बदलते आणि ती बदललेली डोळ्यांना दिसते. तो कुणाच्या तरी हातात असतो, आणि हात बदलले की नातेही बदलते. या तीन गोष्टींपैकी पहिली नसती तर बाकीच्या दोन कुचकामी ठरल्या असत्या, असे मला आजही वाटते.

पण काट्याने नेमके काय करायचे हे आम्हाला ठाऊक नव्हते. ते आम्हाला अंगणवाडी सेविकेने शिकवले, आणि तेही नकळत. पटकथेत बाळाचे वजन करण्याचे छोटे दृश्य होते: सेविका बाळाला झोळीत घालते, काट्याला टांगते, आकडा वहीत लिहिते. गावातल्या सेविकेला ते वाचून दाखवले तेव्हा त्या थोड्या रागावल्याच. "अशी कशी टांगन मी? आधी रिकामी झोळी टांगाची, काटा शून्यावर आनाचा, मंग लेकरू." झोळीचे वजन बाळाच्या वजनात धरले जाऊ नये म्हणून काट्याचा स्क्रू फिरवून सुई शून्यावर आणतात, पंचवीस किलोंच्या त्या काट्यावर शंभर ग्रॅमची रेघ असते, आणि बाळाच्या बाबतीत तेवढ्यानेही नोंद बदलते.

दिग्दर्शिका तिथेच गप्प झाली. बाहेर आल्यावर तिने सांगितले की लहानपणी वेचणीला जात असताना बांधावरच्या काट्याची सुई रिकामी असतानाही शून्याच्या खाली उभी असायची, आणि हे सगळ्यांना दिसत असे.

कथेचा कणा इथे सापडला. एकच यंत्र दोन ठिकाणी आहे. एका ठिकाणी मोजण्याआधी ते शून्यावर आणले जाते आणि दुसऱ्या ठिकाणी आणले जात नाही. आई आणि मुलगी दोन्ही ठिकाणी हजर असतात. आता कुणालाही काही बोलण्याची गरज नव्हती.

फसवणूक केवढी असावी, यावरही चर्चा झाली. चमूतल्या एकाला ती मोठी हवी होती, आणि शेवटी वैधमापन विभागाचा निरीक्षक येऊन काटा जप्त करतो असेही त्याने सुचवले. आम्ही ती एक रेघच ठेवली. शंभर किलोंच्या त्या तबकडीवर एक रेघ म्हणजे अर्धा किलो. दिवसाची दोन गाठोडी, चित्रपटातला भाव दहा रुपये किलो, म्हणजे दिवसाला दहा रुपये. एवढ्या रकमेसाठी भांडण काढले तर उद्याचे काम जाऊ शकते, आणि गप्प राहिले तर हंगामभर रोज दहा रुपये जातात. रक्कम मोठी असती तर बाईची बाजू आपोआप घेतली गेली असती आणि निर्णय अवघड उरला नसता. निरीक्षक आला असता तर निर्णय तिचा उरला नसता. शेतमालकालाही एक वाक्य दिले: "चादरीचं धरलं ना त्याच्यात, बाई." ज्या चादरीत कापूस बांधतात तिचे वजन वजा होणे रास्तच आहे, त्यामुळे त्याचे म्हणणे निव्वळ खोटे ठरत नाही.

काट्याचा माग

मग आम्ही एक तक्ता केला. अकरा दृश्ये आडव्या ओळींत आणि चार रकाने: सुई कुठे आहे, काट्याला कोणाचा हात लागतो, त्याच्याकडे कोण पाहते, आणि त्याच्याविषयी कोण बोलते. चौथा रकाना शेवटपर्यंत कोरा राहिला पाहिजे, असा नियम दिग्दर्शिकेने स्वतःच घालून घेतला. मालकाचे चादरीचे वाक्य त्याला एकमेव अपवाद होते, आणि त्यातही काट्याचे नाव नव्हते.

पहिल्या तक्त्यात काटा नऊ दृश्यांत होता. तक्ता भिंतीवर लावून पाहिल्यावर दोष कळला: सलग चार ओळींत पहिला रकाना सारखाच होता, "शून्याखाली". म्हणजे चार वेळा काटा दिसत होता आणि चारही वेळा प्रेक्षकाला तेच सांगत होता. जिथे मागच्या ओळीच्या तुलनेत एकही रकाना बदलत नाही ते दर्शन काढायचे, असे ठरवले. नऊचे पाच झाले.

दुसऱ्या दृश्यात संध्याकाळची मोजणी आहे. आई मालकाला मुलीच्या शाळेबद्दल सांगत असते, संवाद पूर्णपणे त्यावर आहे, आणि मागे रिकामा काटा हलून स्थिर होतो, सुई एक रेघ खाली. कुणी पाहत नाही. चौथ्या दृश्यात काटा नाही, त्याची सावली आहे: मुलगी चुलीजवळच्या भिंतीवर कोळशाने दिवसाचे किलो मांडते, आई मनात हिशेब करते आणि तो जुळत नसल्यासारखी एकदा पुन्हा करते. सहावे दृश्य अंगणवाडीचे. आठव्या दृश्यात दुपारी सगळ्या बाया झाडाखाली भाकर खात असताना मुलगी पाण्याची दोन लिटरची भरलेली बाटली काट्याला टांगते. अकराव्यात शेवट.

बाटलीच्या दृश्यावर आमचे सर्वाधिक मतभेद झाले. दोन लिटर पाणी म्हणजे सुमारे दोन किलो. तबकडीवर चार रेघा दिसायला हव्यात, तीन दिसतात. मूळ लिखाणात मुलगी बोटाने रेघा मोजते आणि आईकडे पाहते. मला ते विज्ञानाच्या तासासारखे वाटत होते. दिग्दर्शिकेचे म्हणणे असे की ज्याने कधी असा काटा पाहिला नाही त्याला हे दृश्य नसले तर शेवट कळणारच नाही. आम्ही बाटली ठेवली आणि मोजणे काढले. मुलगी बाटली टांगते, पाहते, काढून घेते, पाणी पिते. शॉट सात सेकंदांचा झाला.

चित्रीकरण

नोव्हेंबरअखेर चार दिवसांत चित्रीकरण झाले. दृश्ये क्रमाने घेणे शक्य नव्हते, कारण ज्या शेतात कापूस फुटलेला होता तिथे वेचणी थांबवून ठेवता येत नव्हती. शेवटचे दृश्य दुसऱ्याच दिवशी घ्यावे लागले. इथे तक्त्याचा दुसरा उपयोग झाला. प्रत्येक शॉटआधी सहायक मुलगा तक्ता पाहून स्क्रू फिरवत असे आणि सुईचा फोटो काढून ठेवत असे. वाऱ्याने टांगता काटा सतत हलत होता, म्हणून सुई स्थिर होईपर्यंत थांबावे लागे, आणि ते थांबणे पुढे संकलनात फार उपयोगी पडले.

एक चूक मात्र झाली. पहिल्या दिवशी गाठोड्यात खरा वीस किलो कापूस होता. चौथ्या-पाचव्या टेकला अभिनेत्रीची मान दुखू लागली, म्हणून आम्ही आतला कापूस निम्मा काढला आणि चादर सैल बांधून आकार तेवढाच ठेवला. गाठोडे काट्याला लावले तेव्हा सुई साडेनऊवर थांबली आणि मालकाने संवादाप्रमाणे "साडे एकोनवीस" म्हटले. आमच्यापैकी कुणाच्याही ते लक्षात आले नाही, कारण तक्त्यात रिकाम्या काट्याची सुई होती, भरलेल्याची नव्हती. ज्या चित्रपटाचा सगळा भार सुईवर होता त्यात सुईच खोटे बोलत होती. शेवटी तो शॉट वगळून मालकाच्या वहीचा, आकडा लिहितानाचा शॉट आवाजावर टाकला. चूक झाकली गेली, पण पहिल्या मोजणीत भरलेला काटा दिसण्याची संधी गेली ती गेलीच.

मुलीचे ते वाक्यही आम्ही चित्रित करून ठेवले. दिग्दर्शिकेला ते सोडवत नव्हते, आणि हातात असलेले बरे, असे मीही म्हणालो. आता वाटते की तो सल्ला चुकीचा होता. सुटकेची वाट उघडी आहे हे माहीत असल्यामुळे शेवटचे मूक दृश्य आम्ही केवळ दोन कोनांतून घेतले.

संकलन आणि शेवट

अंगणवाडीच्या दृश्याच्या पहिल्या जुळणीत सेविकेच्या बोटांचा आणि स्क्रूचा क्लोजअप होता, मागे बासरी होती, आणि त्याआधी बांधावरच्या काट्याच्या अडकवायच्या आकड्याचा "कट्ट" असा आवाज दृश्य बदलण्याआधीच सुरू होत होता. तिन्ही मिळून प्रेक्षकाची मानगूट धरून तिकडे वळवत होते. बासरी काढली, आवाज काढला, आणि क्लोजअपऐवजी मध्यम अंतराचा शॉट घेतला, ज्यात रडणारे बाळ पुढे आहे, आई त्याला समजावते आहे आणि सेविका बाजूला आपले नेहमीचे काम करते आहे. "आधी झोळी, मंग लेकरू" हे वाक्य ती बाळाशी बोलल्यासारखे म्हणते. आईची नजर क्षणभर तबकडीवर जाते. मुलीची त्याहून थोडी जास्त वेळ राहते. एवढेच.

शेवटाची तीन रूपे जुळवून पाहिली. पहिल्यात मुलगी वाक्य बोलते. ते पडद्यावर पाहताना अंगणवाडी आणि बाटली ही दोन्ही दृश्ये पुराव्यासारखी वाटू लागली, जणू वकील युक्तिवादाआधी कागद मांडत होता. दुसऱ्यात आईपाठोपाठ सगळ्या बाया आपापली गाठोडी खाली ठेवतात. हे दृश्य भारी दिसत होते, पण चमूत वेचणीला गेलेली दिग्दर्शिका एकटीच होती आणि ती म्हणाली, "असं होत नाही. मागची बाई मनते, चाल ना वं, सैपाक पडला घरी."

तिसरे रूप त्या वाक्यातूनच आले. आईची पाळी येते. ती डोक्यावरचे गाठोडे उतरवत नाही. रिकाम्या काट्याकडे पाहत उभी राहते. रांगेतली मागची बाई म्हणते, "चाल ना वं, उशीर होऊन राह्यला." मालक आधी वहीत पाहतो, मग तिच्याकडे, मग ती जिकडे पाहते तिकडे. मुलगी आईच्या बाजूला सरकते. मालकाचा हात वर जातो, आणि तो स्क्रूकडे जातो की गाठोडे घ्यायला, हे कळण्याआधी चित्र संपते. सुई स्थिर होण्याची जी वाट चित्रीकरणात पाहिली होती, ते नऊ सेकंदांचे थांबणे इथे सलग वापरता आले.

निष्पत्ती

गावातल्या समाजमंदिरात चादरीवर चित्रपट दाखवला तेव्हा तीसेक बाया होत्या, त्यांतल्या बहुतेक वेचणीला जाणाऱ्या. आम्ही "काट्याचा अर्थ काय" असे मुद्दाम विचारले नाही. "शेवटी ती काय करून राह्यली" एवढेच विचारले. उत्तर लगेच आले: "शून्यावर आन मनते." पुढे जे घडले त्यासाठी आम्ही तयार नव्हतो. एक वयस्क बाई म्हणाली की पहिल्याच मोजणीत तिला सुई खाली दिसली होती, मग त्या पोरीला बाटली टांगायला इतका वेळ कावून लागला? बाकीच्या हसल्या. आम्ही तीन दृश्यांत हळूहळू उघड करत होतो ते त्यांना पहिल्या मिनिटातच माहीत होते. त्यांच्यासाठी उत्कंठा "काटा खोटा आहे का" यात नव्हतीच. ती "ही बोलते का" यात होती. मालकाच्या चादरीच्या वाक्यावर मात्र तिथे बराच वाद झाला. काहींच्या मते चादरीचे धरणे बरोबर आहे. दुसऱ्यांचे म्हणणे असे की चादरीचे तो वहीत वेगळेही कापतो, म्हणजे दोनदा कापतो. आम्ही हे लिहिले नव्हते.

अमरावतीतल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसमोर उलटे झाले. पहिल्या मोजणीतली सुई जवळजवळ कुणालाच दिसली नाही. बाटलीच्या दृश्यात काहीतरी चुकते आहे एवढे कळले, आणि अंगणवाडी मागाहून आठवून दोन्ही जोडणारे निम्म्याहून कमी होते. ज्यांनी जोडले त्यांना शेवट आवडला. ज्यांनी जोडले नाही त्यांना बाई दमून उभी आहे असे वाटले. हे अपयश मी आमच्याकडेच घेतो. दुसऱ्या दृश्यात सुई चौकटीच्या कडेला, संध्याकाळच्या कमी उजेडात होती, आणि "कुणी पाहत नाही" हा तक्त्यातला शब्द आम्ही प्रेक्षकालाही लागू केला होता. पात्रांनी न पाहणे वेगळे आणि प्रेक्षकाला न दिसणे वेगळे. मुलीचे वाक्य घातले असते तर विद्यार्थ्यांची ही अडचण सुटली असती, हेही खरे आहे. पण समाजमंदिरात त्या वाक्यावर कुणी चादरीचा हिशेब मांडला नसता.

वेगळे काय करता आले असते

दुसरे दृश्य पुन्हा घेण्याची सोय असती तर मी काटा चौकटीच्या मध्याकडे आणला असता आणि उजेड असताना घेतला असता, संवाद मात्र शाळेचाच ठेवला असता. भरलेल्या गाठोड्याचे वजन हा पाचवा रकाना तक्त्यात पहिल्या दिवसापासून हवा होता. पटकथा सेविकेला वाचून दाखवली तशी वेचणाऱ्या दोन-तीन बायांना वाचून दाखवली असती, तर दुहेरी कपात आधीच कळली असती, आणि चौथ्या दृश्यात भिंतीवर कोळशाने लिहिलेला हिशेब नेमका तिथेच न जुळता ठेवता आला असता. आज तो केवळ "न जुळणारा" आहे, किती आणि कशामुळे हे आम्हालाही तेव्हा ठाऊक नव्हते.

बाटलीच्या दृश्याबद्दल दिग्दर्शिकेचे आणि माझे अजून एकमत नाही. गावासाठी ते नको आणि शहरासाठी अपुरे आहे. तिने महोत्सवांकडे पाठवलेल्या प्रतीत ते ठेवले आहे, आणि गावोगावच्या समाजमंदिरांत जी प्रत दाखवली जाते तिच्यातून काढून टाकले आहे. त्या प्रतीत मुलगी दुपारी झाडाखाली फक्त पाणी पिते, आणि मागे काटा हलत असतो.